अरंगेत्रमला चांदीचा टेंपल सेट घ्यावा की इमिटेशन?

मिरजेची_आई: लेकीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम दिवाळीनंतर आहे, सांगलीत भावे नाट्यगृहात, कार्यक्रम अडीच-तीन तासांचा. क्लासच्या ताई म्हणतात इमिटेशन पुरे, सासूबाई म्हणतात एकदाच होतं तर चांदीचाच करा. मागच्या कार्यक्रमात भाड्याच्या सेटने तिचे कान लालबुंद झाले होते. काय घेऊ?

कृष्णाकाठ: सासूबाईंचं ऐका. इमिटेशन म्हणजे तांबं-पितळ आणि वर पॉलिश, घामाने पॉलिश गेलं की मान हिरवी आणि खाज वेगळीच. आणि हुपरी हाकेच्या अंतरावर आहे की, तिथेच करून घ्या, मद्रासला कशाला जायचं.

नट्टुवांगम_सातारा: खाजेचं बरोबर आहे, ज्यांच्या त्वचेला चालत नाही त्यांनी चांदीच बघावी. पण हुपरीचं काम वेगळं हो. पैंजण, घुंगरू तिथले घ्याच, पण टेंपल सेटमधले केम्पचे दागिने मूळचे नागरकोविलच्या वडसेरीचे, त्याला जीआय मानांकनसुद्धा आहे. तिथे चांदीच्या घरात लाख भरतात, लाल-हिरवे खडे बसवतात आणि वरून सोन्याचा वर्ख दाबत नेतात. दिसतं देखणंच, पण चांदी पितळेपेक्षा मुळात जड आणि आत लाख भरलेली, त्यामुळे तोच झुमका हाताला चांगलाच जड लागतो. इमिटेशनचा बहुतेक पातळ पत्र्याचा आणि मागून पोकळ असतो.

आता कानांचं. मला वाटतं मुलीचे कान धातूने नाही, सैल वेलाने दुखले. झुमक्याचं वजन वेलाने उचलायचं असतं, पाळीने नाही. भाड्याच्या सेटचा वेल एका ठरावीक लांबीचा, मुलीचा कान लहान, मग तो नुसता शोभेला लोंबतो आणि सगळा भार भोकावर येतो. झुमका घालून आरशात बघा, भोक खाली ओढून लांबट दिसलं की समजा वेल सैल आहे. वेलाचा हूक कानाच्या वर घट्ट घातलेल्या बारीक वेणीत अडकवा आणि त्यावर आडवी पिन मारा. नुसत्या जेल लावलेल्या केसांत अडकवला तर घाम आला की घसरतोच, आणि वर्णम अर्धं झालेलं असताना पोरगी स्टेजवरून कुठे जाणार सांगा!

माझ्या एका विद्यार्थिनीचा झुमका घरच्या काट्यावर 34 ग्रॅम भरला. अलारिप्पूत मान डावी-उजवी सरकली की तो जबड्यावर आपटायचा, ती नकळत मान कमी हलवायला लागली होती. मग पोकळ, 18 ग्रॅमचा घेतला, वेल दोन मणी आखडला आणि मान परत मोकळी झाली. तुम्हीसुद्धा आधी काट्यावर वजन करून बघा.

कराडची_कथकवाली: वजनाचा एवढा बाऊ कशाला? माझ्या लेकीच्या दोन्ही पायांत मिळून दोनशे घुंगरू आहेत, थोडे थोडे वाढवत नेले, आता काही वाटत नाही तिला. सवय केली की होतं.

नट्टुवांगम_सातारा: पायात स्नायू आहेत ताई, ते कमावता येतात. कानाच्या पाळीत स्नायूच नाही, ती कमावली जात नाही, नुसती ताणते.

कृष्णाकाठ: ते पटलं. पण टिकण्याचं काय? माझ्या मावशीचा चांदीचा सेट अजून चालतोय, भाचीच्या इमिटेशनचे खडे दोन कार्यक्रमांत काळे पडले.

नट्टुवांगम_सातारा: खड्याखालच्या पन्नीत घाम किंवा स्प्रे शिरला की खडा मंदावतो, हे चांदीतसुद्धा होतं. हेअरस्प्रे आधी मारा, दागिने नंतर घाला. उतरवल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसून वाळवा, मगच डब्यात ठेवा. आणि चांदीचा सेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, लाख मऊ पडली की खडे हलतात.

भरत_विटा: कंबरपट्ट्याचं कुणी बोललंच नाही. उभं राहून घट्ट बांधला की अरमंडीत अर्धं बसल्यावर पोटात रुततो आणि श्वास पुरत नाही. आमच्या गुरू बसूनच बांधायला लावतात.

नट्टुवांगम_सातारा: मी नाही तसं करत. बसून बांधला की उभं राहिल्यावर सैल होऊन खाली सरकतो आणि निऱ्यांच्या पंख्यावर आदळतो. मी उभंच बांधते, पण खाली दोन बोटं जातील एवढा, आणि मागे ब्लाउजला टाका घालते.

भरत_विटा: टाका घातला तर मध्ये पोशाख बदलताना उसवत बसायचं का? आम्हाला नाही जमत ते.

मिरजेची_आई: झुमका मोजला, भाड्याचा 31 ग्रॅम निघाला, आणि वेल खरंच लोंबतोय. सासूबाईंचा मान राखायचा तर गळ्यातलं आणि बाजूबंद चांदीचे, डोक्याचं आणि कानातलं हलकं इमिटेशन, असं चालेल का?

कृष्णाकाठ: चालेल की, लांबून कोण बघतंय.

नट्टुवांगम_सातारा: बघतात हो. वर्खाचं सोनं मंद असतं, नवं पॉलिश पिवळं झळकतं, स्टेजच्या उजेडात चेहरा आणि गळा वेगळे दिसतात. घ्यायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून पिवळ्या बल्बखाली बघा आणि फोटो इथे टाका.