अनुभव धागा: रात्रीच्या चहावर सुटलेलं (किंवा न सुटलेलं) कोडं

हॉस्टेलच्या खोलीत, मेस बंद झाल्यावर, चहा पीत रूमपार्टनरबरोबर डोकं लावलेला एखादा प्रश्न तुम्हालाही आठवत असेल. उत्तरापर्यंत कसे पोचलात ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

बेंझिनकाठ

एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहून दिली होती: टोल्युईनपासून बेंझोकेन, चार पायऱ्यांत. अण्णा माझा रूमपार्टनर, सोलापूरचा. वयाने मोठा, म्हणून सगळं हॉस्टेल त्याला अण्णा म्हणायचं. रात्री त्याने किटलीत पाणी, साखर आणि दूध पावडर टाकली, स्टीलच्या ग्लासाच्या बुडाने आलं ठेचलं आणि म्हणाला, "सोपं आहे रे. मिथिलचं आम्ल करायचं, आम्लाचा एस्टर. नायट्रो बसवायचा, त्याचं अमाईन. झाल्या चार."

पायऱ्या चारच आणि त्याच, हे मलाही दिसत होतं. प्रश्न क्रमाचा होता. चार गोष्टींचे क्रम चोवीस होतात. पण नायट्रोआधी त्याचं रिडक्शन होणार नाही आणि आम्लाआधी एस्टर होणार नाही. एवढ्यावर सहाच क्रम उरतात. ते सहा मी बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर एकाखाली एक लिहिले.

अण्णाला आधी ऑक्सिडेशन उरकायचं होतं. ते सगळ्यात दांडगट काम, नाजूक गट रिंगवर यायच्या आत होऊन जाऊ दे, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, "मग नायट्रो कुठे बसेल?" तो कागदाकडे बघत राहिला. आम्लाचा गट रिंगमधली इलेक्ट्रॉनची घनता आपल्याकडे ओढतो, त्यामुळे नवा गट मेटावर जातो. आम्हाला तो समोरासमोर, पॅरावर हवा होता. आम्लाऐवजी एस्टर केला तरी तेच. ऑक्सिडेशनपासून सुरू होणारे तिन्ही क्रम एकदम खोडले गेले. नायट्रेशन मिथिल शाबूत असतानाच करायला हवं, कारण मिथिल त्याला ऑर्थो आणि पॅराकडे पाठवतो.

उरले तीन. अण्णाने लगेच दुसरा मांडला: नायट्रेशन, रिडक्शन, मग ऑक्सिडेशन. "अमाईन आणि परमँगनेट एका भांड्यात?" मी म्हणालो. यावर तो स्वतःच हसला. त्याने बी.एस्सी.ला अ‍ॅनिलिनची बाटली उघडी राहून काळपट पडलेली पाहिली होती. नुसत्या हवेने त्याची ती गत होते, तर परमँगनेट त्याचं डांबरच करेल. नायट्रोला मात्र ऑक्सिडेशनचं भय नाही. म्हणजे अमाईनने नायट्रोचा रेनकोट घालूनच ती पायरी ओलांडायची आणि तो नंतर काढायचा. हे कळलं तेव्हा किटलीतला चहा उतू जाऊन टेबलावर आला होता.

शेवटी दोन क्रम राहिले. पॅरा-नायट्रोबेंझॉइक आम्ल हातात आल्यावर आधी रिडक्शन की आधी एस्टर? अण्णा म्हणाला, आधी रिडक्शन. मी म्हणालो, आधी एस्टर. दुसरा चहा झाला, तरी आमचं एकमत झालं नाही. सरांनी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले.

लॅबकोट_नाशिक

आम्ही हेच प्रॅक्टिकलला केलं, पण पॅरा-टोल्युडिनपासून. तिथेही चारच पायऱ्या होतात, फक्त वेगळ्या. अमाईन आधीपासूनच रिंगवर असतं, म्हणून आधी त्यावर अ‍ॅसिटिल चढवायचं, मग परमँगनेट, मग हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून अ‍ॅसिटिल काढायचं, शेवटी इथेनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल. परमँगनेटबरोबर मॅग्नेशियम सल्फेट घालायला विसरू नका. ऑक्सिडेशन होताना अल्कली तयार होत जाते आणि तिने अ‍ॅसिटिल गळून पडू शकतं. मॅग्नेशियम ती अल्कली आवरून धरतं. तपकिरी गाळ गरम असतानाच गाळायचा. गाळल्यावरही जांभळा रंग दिसला तर थेंब थेंब इथेनॉल घालत तो घालवायचा.

रसायनप्रेमी

बेंझिनकाठ, नायट्रेशनमध्ये पॅराच जास्त मिळतो ना? ऑर्थोला मिथिलची अडचण होते. मग वेगळं करायचा प्रश्नच कुठे?

लॅबकोट_नाशिक

अडचण होते हे बरोबर, पण मिथिल फार लहान आहे आणि ऑर्थोच्या जागा दोन आहेत. प्रत्यक्षात ऑर्थो साधारण 60 टक्के आणि पॅरा 37 टक्क्यांच्या आसपास मिळतो. मेटाही थोडा येतो. वेगळं करायला त्यांच्या वितळणबिंदूंचा उपयोग होतो. पॅरा 52 अंशांपर्यंत घन राहतो आणि ऑर्थो खोलीच्या तापमानाला द्रव असतो. मिश्रण थंड केलं की पॅराचे स्फटिक बसतात. सगळा पॅरा मात्र निघत नाही, थोडा त्या द्रवात विरघळलेला राहतोच. कागदावर हे नुकसान कोणी धरत नाही.

आरोहीची_आई

बेंझोकेन म्हणजे तोंड आल्यावर लावायच्या जेलमध्ये असतं तेच का? माझ्या नऊ महिन्यांच्या मुलीला दात येताहेत, रात्रभर रडते. थोडं लावलं तर चालेल का?

फार्मसीवाला_दादा

ताई, नको. औषध तेच आहे, पण बाळाला लावू नका. अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना दात येताना हे वापरू नये. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते ऑक्सिजन नीट वाहून नेऊ शकत नाही. असं क्वचित होतं, पण झालं तर ओठ आणि नखं निळसर पडतात आणि तातडीने दवाखाना गाठावा लागतो. गार केलेली स्वच्छ रिंग चावायला द्या आणि बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

आता मूळ प्रश्नाकडे. मी बेंझिनकाठच्या बाजूने आहे. आधी रिडक्शन केलं की हातात येतं ते पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल, आणि ते आम्लातही विरघळतं, अल्कलीतही. ते बाहेर काढायला पीएच साडेतीन-चारच्या आसपास नेमका आणावा लागतो. जरा इकडेतिकडे झालं की माल पाण्याबरोबर मोरीत. आधी एस्टर केला तर ही कटकटच नाही.

अण्णा_सोलापूर

मी तोच अण्णा! धाग्याची लिंक यानेच पाठवली. दादा, पीएचचं मान्य. पण तुम्ही एस्टर करून मग रिडक्शन कशाने करणार? आमच्या लॅबला कथील आणि हायड्रोक्लोरिक आम्लच होतं. पाण्यातल्या गरम आम्लात एस्टरचा काही भाग परत तुटतो, म्हणजे केलेलं काम वाया. माझ्या क्रमात शेवटची पायरी एस्टरची. सल्फ्युरिक टाकताच फ्लास्कमध्ये अमाईनच्या क्षाराचा पांढरा घट्ट लगदा होतो. घाबरायचं नाही, उकळत ठेवलं की तो विरघळत जातो. नंतर सोडियम कार्बोनेट चिमटीचिमटीने घालायचं. फेस उसळतो, तो शमला की पांढरं बेंझोकेन खाली बसतं.

बेंझिनकाठ

अण्णा, लोखंडाची पूड आणि अमोनियम क्लोराइड घे ना! आम्ल सौम्य राहतं, एस्टर टिकतो.

अण्णा_सोलापूर

आणि तो लोखंडाचा चिखल कोण गाळणार? तू?

फार्मसीवाला_दादा

पॅलॅडियम-कार्बनवर हायड्रोजन द्या, चिखलही नाही आणि आम्लही नाही. फक्त नायट्रोच्या रिडक्शनमध्ये उष्णता भरपूर निघते, म्हणून हायड्रोजन हळू सोडावा लागतो. आणि गाळल्यावर तो उत्प्रेरक फिल्टरवर कोरडा पडू देऊ नका. इथेनॉलची वाफ आसपास असताना तो पेट घेतो.

लॅबकोट_नाशिक

कोणत्याही क्रमाने करा, शेवटी वितळणबिंदू बघा. 88 ते 92 अंशांत स्वच्छ वितळलं तर ठीक. त्याच्या बरंच आधी चिकट होऊ लागलं तर बहुतेक माल ओला आहे. आणि थोडा माल सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात टाकून हलवा. बुडबुडे आले तर एस्टर न झालेलं आम्ल अजून आत आहे. अण्णा, तुमच्या क्रमाने तेच जास्त उरत असेल असं मला वाटतं. तुमचा उतारा किती आला होता?

अण्णा_सोलापूर

वही गावी आहे. दिवाळीत गेलो की बघून लिहितो.