शेवटच्या महिन्यातला खुराक

"खुराक वाढवला की करडं मोठी होऊन अडतात, म्हणून गाभण शेळीचा शेवटचा महिना नुसत्या चाऱ्यावर काढतो."

एकच करडू असेल तर ही भीती काही अंशी खरी आहे, जुळी असतील तर मात्र नुसता चारा घातक ठरतो. करडांची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि तेव्हाच पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. खाणं अपुरं पडलं की शेळी अंगावरची चरबी जाळते, त्यातून रक्तात कीटोन नावाचे अपायकारक पदार्थ साठतात. लठ्ठ शेळीला तर हा धोका जास्तच.

माझी जुळ्यांची उस्मानाबादी शेळी गाभणपणाच्या १३५ व्या दिवशी कळपापासून बाजूला उभी राहू लागली. आधी मका सोडला, मग चाराही. दुसऱ्या दिवशी डोकं भिंतीला टेकवून उभी होती, तोंडाला गोडसर वास. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल ६० मिली दिवसातून दोनदा पाजायला सांगितलं. मी आधी गुळाचं पाणी पाजत होतो, पण साखर पोटातच आंबते, रक्तात फारशी पोचत नाही. शेळी वाचली, एक करडू गेलं.

आता १०५ व्या दिवसापासून १०० ग्रॅम भरडा सुरू करतो आणि हळूहळू ४०० ग्रॅमपर्यंत नेतो, सकाळ-संध्याकाळ विभागून. एकदम वाढवला तर पोटात आम्ल होतं. गव्हाणीत भरडा शिल्लक दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.