स्वतःला ‘ती’ म्हणून लिहिणं: याला शब्द काय? आणि ‘तू’ एवढा का टोचतो?

पानगळ
आईच्या शेवटच्या रात्रीबद्दल लिहायचं दीड वर्ष चाललं आहे. ‘मी’ने सुरुवात केली की तिसऱ्या ओळीला हात थांबतो. परवा वैतागून ‘मी’च्या जागी ‘ती’ घातलं आणि एका बैठकीत तीन पानं झाली. मग ‘तू’ घालून पाहिलं, तर ते मला स्वतःलाच वाचवेना.

दोन प्रश्न आहेत. स्वतःबद्दल असं ‘ती’ म्हणून लिहिण्याला मराठीत शब्द आहे का? मला ‘परपुरुषी निवेदन’ सुचलं होतं, पण मोठ्याने उच्चारून पाहिल्यावर बेत रद्द केला. आणि दुसरं, ‘तू’ काय किंवा ‘ती’ काय, दोन्ही ‘मी’ नाहीतच. मग ‘ती’ लांब नेते आणि ‘तू’ अंगावर येतो, असं का?

मजकुरातली जागा ही:

मी फोन उलटा ठेवला आणि झोपले.
तू फोन उलटा ठेवलास आणि झोपलीस.
तिनं फोन उलटा ठेवला आणि तिला झोप लागली.

(फोन सायलेंटवर होता. सकाळी पाहिलं तर आईचे तीन मिस्ड कॉल.)

दत्तूमास्तर
शब्दाचं सांगतो. सगळे उलटं बोलतात. ‘प्रथम पुरुष’ म्हणजे ‘तो’, ‘मध्यम’ म्हणजे ‘तू’ आणि ‘मी’ हा ‘उत्तम पुरुष’. म्हणजे तुम्ही लिहिलंत तेच खरं प्रथमपुरुषी निवेदन.

कानामात्रा
मास्तर, ती संस्कृतची मांडणी झाली. मराठी व्याकरणात ‘मी’ प्रथम, ‘तू’ द्वितीय आणि ‘तो-ती-ते’ तृतीय. इथे संस्कृतचा क्रम आणलात तर चर्चेत कोण कुणाबद्दल बोलतंय तेच कळणार नाही. पानगळ, वेगळा एकच शब्द माझ्या तरी कानावर नाही. ‘तृतीयपुरुषी आत्मकथन’ म्हणा. थोडं जड आहे, पण ‘आत्म’ आणि ‘तृतीय’ शेजारी बसल्यामुळे यात काय चाललंय ते लगेच समजतं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त रंगतदार आहे. सर्वनामं क्षणभर झाका आणि नुसती क्रियापदं वाचा: ठेवला, ठेवलास, ठेवला. ‘मी’ आणि ‘ती’ दोन्हीकडे क्रियापद एकच, कारण ते फोनच्या मागे गेलंय. फोन पुल्लिंगी म्हणून ‘ठेवला’. कुणी ठेवला याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही. ‘तू’ आला की मात्र शेवटी ‘स’ चिकटतो. ठेवलास, केलंस, घेतलीस. तो ‘स’ फोनचा नाही, तुमचा आहे. करणारा माणूस क्रियापदातच पकडला जातो. आता आठवून पाहा, असं भूतकाळातलं ‘-लास, -लंस’ आपण रोज कुठे ऐकतो? ‘हे काय केलंस?’ ‘का नाही सांगितलंस?’ कौतुकातही येतं, पण लहानपणापासून कानात बसलेला सूर जाब विचारण्याचाच. तुम्ही ‘तू’ लिहिलंत म्हणजे स्वतःला पिंजऱ्यात उभं केलंत.

रानवारा
आमच्या बोलीत तो ‘स’ नाहीच. आम्ही ‘तू फोन ठेवला’, ‘तू काय केलं’ असंच बोलतो. तरी मला ते वाक्य टोचलंच. त्यामुळे दोष ‘स’चा की भूतकाळाचा, याबद्दल शंका आहे.

कानामात्रा
मुद्दा बरोबर आहे. मला ‘स’ वाटतो, पण मी ‘स’वाल्या घरात वाढलो. ‘स’ न लावणाऱ्यांनाही टोचत असेल तर माझं स्पष्टीकरण अपुरं आहे.

नम्रभाव
आईसाठी ‘तू’ न वापरता ‘आपण’ वापरावं. आदरार्थी लिहिलं की आपोआप अंतर राखलं जातं.

पानगळ
आईला नाही हो, मी स्वतःला ‘तू’ म्हणतेय. पण ‘आपण’ हे मला सुचलंच नव्हतं. ‘आपण फोन उलटा ठेवतो, झोपतो आणि सकाळी कळतं.’ हे किती सोपं गेलं लिहायला!

कानामात्रा
सोपं गेलं म्हणूनच त्याच्याकडे जरा संशयाने बघा. हा ‘आपण’ वाचणाऱ्यालाही ओढून घेतो. सगळेच ठेवतात फोन उलटा, त्यात काय एवढं. भार वाटला जातो आणि कधीकधी तेच हवं असतं. पण या ‘आपण’ला नेहमीचं घडणं लागतं, एकदाच घडलेलं त्याला पेलत नाही. त्या वाक्याआधी ‘त्या रात्री’ लावून बघा. ‘त्या रात्री आपण फोन उलटा ठेवतो.’ मोडलं ना? ‘ठेवला’ करा, तर ‘आपण’ म्हणजे तुम्ही आणि अजून कुणीतरी, असं वाटायला लागतं. तुमची गोष्ट एकाच रात्रीची आहे. तिथे ‘आपण’ घातलात की ती रात्रच पुसली जाते.

खिडकीपाशी
आमचे आजोबा स्वतःबद्दल कायम असंच बोलायचे. ‘ह्या म्हाताऱ्याला कोण विचारतंय,’ ‘म्हातारा काय, पडून राहील कोपऱ्यात.’ ‘मला बरं वाटत नाही’ असं सरळ कधी म्हणाले नाहीत. हेही तृतीयपुरुषी आत्मकथनच की! आणि ‘तुका म्हणे’?

कानामात्रा
‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा. अभंग कुणाचा, ते शेवटी सांगणारी. त्याच अभंगांत ‘मी’ही मोकळेपणाने येतो, तेव्हा ‘मी’ला घाबरून ‘तुका’ आला असं म्हणता येत नाही. आजोबांचं मात्र इथे लागू पडतं, पण उलट्या बाजूने. ‘म्हातारा’ म्हणून ते लांब जात नव्हते, तुम्हाला जवळ बोलावत होते. तृतीय पुरुषात स्वतःची कीव करणं फार सोपं. ‘मी बिचारी’ लिहिताना लाज वाटते, ‘ती बिचारी’ लिहिताना नाही वाटत.

सुतासारखं
पण याचा फायदा होतो हे सिद्ध झालंय. २०१४ मध्ये ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिहिलं की दुःख कमी होतं. त्यामुळे खुशाल लिहा.

कानामात्रा
तो अभ्यास लिहिण्याबद्दल नव्हता, मनातल्या बोलण्याबद्दल होता. लोकांसमोर भाषण करण्यासारख्या ताणाच्या प्रसंगी स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलायचं की स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून, यात फरक पडतो का, असा प्रश्न होता. नाव किंवा ‘तू’ घेणाऱ्यांचं बरं चाललं. म्हणजे तिथे ‘तू’सुद्धा लांब नेणाऱ्यांतच होता. पण ते सगळं इंग्रजीत. तिथला भूतकाळ ‘मी’, ‘तू’, ‘ती’ सगळ्यांना बहुधा एकच रूप देतो, ‘ठेवलास’सारखं काही त्यात नाही. मराठीत ‘तू’ टोचतो याचं उत्तर त्या अभ्यासात शोधून सापडणार नाही.

पानगळ
‘तू’ वर्तमानकाळात करून पाहिला. ‘तू फोन उलटा ठेवतेस. दिवा घालवतेस.’ टोचणं गेलं, पण आता नाटकातल्या कंसातल्या सूचना वाटतात. पानभर हे चालणार नाही. म्हणून परत ‘ती’कडे आले, तर तिथे वेगळंच अडलं. हे बघा:

‘तिनं तिला दोनदा सांगितलं होतं, रात्री उशिरा फोन करत जाऊ नकोस. तिला वाईट वाटलं असावं.’

कुणी कुणाला सांगितलं? वाईट कुणाला वाटलं? मलाच कळेना.

रानवारा
एकीला नाव द्या. काहीही, ‘सुमा’ म्हणा.

पानगळ
करून पाहिलं. सुमा कुणीतरी दुसरीच झाली आणि मला तिच्याबद्दल काहीच वाटेना. ‘तिनं तिच्या आईला सांगितलं’ केलं, तर पोलिसांच्या जबाबासारखं वाटतं.

कानामात्रा
कारण मराठीत नुसतं ‘आई’ हा शब्द मनाने प्रथमपुरुषीच आहे. दुसऱ्याच्या आईला आपण ‘तिची आई’ म्हणतो. मागेपुढे काही न लावता ‘आई’ म्हटलं की ती आपली, बोलणाऱ्याची. त्यामुळे ‘तिच्या आईला’ लिहिताच तुम्ही आई परकी केलीत, आणि ती तुमची इच्छा नव्हती. असं करा:

‘तिनं आईला दोनदा सांगितलं होतं, रात्री उशिरा फोन करत जाऊ नकोस. आईला वाईट वाटलं असावं.’

आता ‘ती’ एकच उरली, गोंधळ संपला. वर आणखी एक गोष्ट साधली. लेक बाहेर उभी आहे, पण आई अजून घरातच आहे. व्याकरण काटेकोर पाळणारा माणूस म्हणेल की निवेदक बाहेरचा, मग ‘आई’ कुणाची? म्हणू दे. हा अर्धा दुरावाच या लिखाणाला हवा आहे असं मला वाटतं.

दत्तूमास्तर
हे पटलं. मात्र एक बजावतो. तृतीय पुरुष आला की निवेदकाला सगळं दिसायला लागतं. उद्या तुम्ही लिहाल, ‘तिकडे आई पलंगावर उठून बसली, चष्मा शोधू लागली.’ तुम्ही तिथे होतात का? ‘मी’ने लिहिलं असतं तर कुंपण आपोआप पडलं असतं.

पानगळ
चष्म्याचं वाक्य नाही, पण तसंच एक आहे. काढते.

कानामात्रा
आता मास्तरांच्याच मुद्द्याला धरून एक काम सांगतो. ‘ती’मध्ये पूर्ण लिहून झालं की एकेक वाक्य परत ‘मी’त आणा. छापायचं ‘ती’तलंच ठेवा, हे फक्त तपासायला. ‘तिनं’चं ‘मी’ होईल, ‘गेली’चं ‘गेले’ होईल, ‘ठेवला’ आहे तसंच राहील. ज्या वाक्यांवर अडाल तिथे खूण करा. काही वाक्यं जवळची म्हणून अडतील, ती तशीच राहू द्या, त्यांच्यासाठीच हा खटाटोप आहे. पण काही वाक्यं ‘मी’त आल्यावर ओशाळवाणी वाटतील. ‘ती हळवी मुलगी’ हे ‘मी हळवी मुलगी’ करून बघा. ती वाक्यं काढून टाका.

अजून एक. तुमच्या पहिल्याच उदाहरणात ‘मी’ आणि ‘तू’ला ‘झोपले’, ‘झोपलीस’ आहे, पण ‘ती’च्या ओळीत ‘तिला झोप लागली’ झालंय. माणूस बदलताना क्रियापदही बदललंत. मुद्दाम?

पानगळ
नाही, लक्षातच आलं नाही.

कानामात्रा
ही मराठीची दुसरी पळवाट, आणि हिच्यासाठी पुरुष बदलायचीही गरज नाही. ‘मी झोपले’ ही माझी कृती. ‘मला झोप लागली’ म्हणजे झोप आली आणि तिनंच काय ते केलं. ‘माझ्याकडून राहून गेलं’, ‘हातून ग्लास पडला’, सगळी त्यातलीच. ‘ती’ आणि ‘झोप लागली’ एकत्र आले की दुरावा दुप्पट झाला. असू द्या, फक्त माहीत असू द्या.

रानवारा
पण खरंच झोप लागली असेल तर? प्रत्येक ‘मला’त पळवाट शोधायची गरज नाही.

कानामात्रा
नाहीच. ते त्यांनाच ठाऊक.

पानगळ
काल रात्री पूर्ण मजकूर ‘मी’त आणून पाहिला. बहुतेक वाक्यं आली. ‘तिला झोप लागली’ काही केल्या येईना. ‘मला झोप लागली’ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

उलटा ठेवला तरी फोन आला की गादीवर कडेने उजेडाची बारीक रेघ पडते. पहिल्या फोनला ती दिसली होती. पुढच्या दोन फोनांच्या वेळी झोपले होते, ते खरं आहे.

आता मजकूर ‘ती’तच ठेवतेय. एवढं एकच वाक्य ‘मी’त लिहायचं ठरवलंय. ‘मला रेघ दिसली’ हेही ‘झोप लागली’सारखंच झालं ना? ‘मी रेघ पाहिली’ करू?

कानामात्रा
करा. ‘पाहिली’सुद्धा रेघेच्याच मागे जाते, क्रियापदात तुम्ही तिथेही नाही. पण ‘मला’चं ‘मी’ झालं.