प्रतिसाद: फरक अक्षरांचा की अंतराचा?

> "डिस्लेक्सी फॉन्टने मुलं खरंच भरभर वाचतात का?"

थोडी वाचतात. हा फॉन्ट डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली अडचण, असलेल्यांसाठी बनवलाय आणि त्यातली अक्षरं बुडाशी जाड असतात; पण फायदा त्या जाड बुडामुळे नाही. २०१६च्या एका अभ्यासात, वाचनात मागे असलेल्या मुलांचा वेग या फॉन्टमध्ये एरियलपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त भरला. मग संशोधकांनी एरियलमध्येही अक्षरांतलं आणि शब्दांतलं अंतर तेवढंच वाढवलं, आणि फरक उरलाच नाही! म्हणजे फायदा मोकळ्या जागेचा होता. 'जड बुडामुळे अक्षरं उलटी दिसत नाहीत' ही निव्वळ जाहिरात. डिस्लेक्सियात मुख्य अडचण बहुतेकदा अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात असते, आणि ती कुठलाच फॉन्ट सोडवत नाही.

त्यामुळे पैसे खर्चू नका, साध्या फॉन्टमध्येच अंतर वाढवून बघा. मात्र फक्त अक्षरांमधलं अंतर वाढवलंत तर शब्द एकमेकांत मिसळतात. शब्दांमधली जागाही वाढवा.