मदत हवी आहे: दुर्बिणीतून समोरची डिश स्वच्छ दिसते, तरी पाऊस आला की लिंक तुटते (पेडणे, गोवा)

माडाखालचा

नमस्कार मंडळी. घर आणि आमचं वर्कशॉप यांच्यात ३ किलोमीटरचं अंतर आहे, मध्ये खाजन. वर्कशॉपमधले सहा कॅमेरे घरी बघता यावेत म्हणून मे महिन्यात दोन्ही छपरांवर ५.८ गिगाहर्ट्झच्या डिश बसवल्या. लावायच्या आधी दुर्बिणीतून पाहिलं होतं. घराच्या गच्चीवरून वर्कशॉपचा निळा पत्रा आणि त्यावरचा पाइप, दोन्ही दिसत होते. मध्ये बांधावर माडांची रांग आहे, पण नजर तिच्या वरून जाते. अगदी चुडतांना घासून, पण वरूनच.

सिग्नल उणे ५८ डीबीएम मिळायला हवा होता. मी तसा हिशेब करून घेतला होता. कोरड्या दिवसात मिळाला उणे ६६. लावणारा म्हणाला, "चालतंय ना, मग सोडा." मृगाचा पाऊस लागला आणि आता उणे ७९ पर्यंत घसरतं, कॅमेरे काळे. पाऊस थांबल्यावरही लगेच सुधारत नाही, तास-दीड तास तसंच.

माझ्या गच्चीवर डिशच्या पुढे दहा मीटरवर पाण्याची टाकी आहे. तिची कड डिशच्या मध्यापेक्षा पाऊण मीटर खाली येते. तीच आड येत असेल का? टाकी हलवायची म्हणजे प्लंबर, आणि या दिवसांत प्लंबर मिळणं कठीण.

फोंड्याचा_बाब

पावसात सगळ्यांचंच जातं हो. आमच्याकडे डीटीएच पहिल्या सरीलाच जातं, क्रिकेट असेल तर हमखास. डिश पुसून बघा, आणि कनेक्टरवर टेप गुंडाळा.

तारवाला

बाब, डीटीएचची गोष्ट वेगळी. ते ११-१२ गिगाहर्ट्झवर उपग्रहाकडून येतं, तिथे पाऊस स्वतःच सिग्नल खातो. ५.८ ला तीन किलोमीटरमध्ये धो धो पावसातही एक-दोन डीबी जातील. यांचे तेरा गेलेत, आणि पाऊस थांबल्यावरही तासभर परत येत नाहीत. म्हणजे दोष पावसाचा नाही, पावसाने भिजलेल्या कशाचा तरी आहे.

माडाखालचा, दोन गोष्टी सांगा. बांधावरचे माड वर्कशॉपपासून किती लांब? आणि कोरड्या दिवशी, वारा असताना, सिग्नलचा आकडा स्थिर राहतो की नाचतो?

माडाखालचा

माड वर्कशॉपपासून १ किलोमीटरवर, घरापासून २. आकडा नाचतो. दुपारी वारा सुटला की ६४ ते ७१ असा वरखाली. रात्री वारा पडला की ६६ ला शांत.

तारवाला

मग टाकी सोडा, माड धरा. डिश वाकडी लागली असती तर तोटा दिवसरात्र सारखा दिसला असता. वाऱ्याबरोबर नाचणारा तोटा पानांचाच.

नजर सुतासारखी सरळ जाते, लाट तशी जात नाही. दोन डिशमध्ये ती तवशासारखी असते: दोन्ही टोकांना निमुळती, पोटात फुगलेली. ते पोट म्हणजे फ्रेनेल झोन. त्याच्या मधोमधची रेष मोकळी आहे एवढंच दुर्बीण सांगते. तुमची रेष चुडतांना घासून जाते, म्हणजे तवशाचा खालचा अर्धा भाग माडांत बुडालाय. अर्धी लाट कापली की ताकद अर्धी होत नाही, चौथाई होते. तेच सहा डीबी. तुमच्या कोरड्या दिवसाच्या आठपैकी सहा इथेच गेले. पुढे पानं भिजली की ती जास्त शोषतात, वाऱ्यात वर उडाली की मधल्या रेषेतच येतात.

किती जागा हवी त्याचं गणित हे. अंतरं किलोमीटरमध्ये, f गिगाहर्ट्झमध्ये, उत्तर मीटरमध्ये:

```
r = 17.32 * sqrt( d1*d2 / (f*D) )
r = 17.32 * sqrt( 1*2 / (5.8*3) ) = 5.9
```

पूर्ण ५.९ मीटर मोकळं मिळालं तर छानच. पण ६० टक्के, म्हणजे साडेतीन मीटर मोकळं असलं तरी तोटा जवळजवळ शून्यावर येतो. आम्ही कामात तोच आकडा धरतो. तेच गणित तुमच्या टाकीला लावा, दहा मीटरवर: r येतो सुमारे ७० सेंटिमीटर, साठ टक्के म्हणजे ४२. तुमची कड ७५ सेंटिमीटर खाली आहे. ती आडवी येत नाही. डोळ्यांसमोरची टाकी लोकांना खुपते, दोन किलोमीटरवरचा माड खुपत नाही.

वायरमन_सुदेश

एवढं गणित कशाला? २.४ चे रेडिओ लावा, ते झाडांतून आरपार जातात. मी तीन ठिकाणी लावलेत.

तारवाला

सुदेश, अर्धं बरोबर आहे. पानांत २.४ कमी शोषलं जातं, हे खरं. पण तवसं जाड होतं. त्याच माडांजवळ साठ टक्क्यांसाठी साडेतीनऐवजी साडेपाच मीटर मोकळे लागतील. शिवाय आजूबाजूच्या प्रत्येक घरातला वायफाय त्याच पट्ट्यात ओरडतोय. एका झाडाआडून पाचशे मीटर जायचं असेल तर मीही २.४ लावीन. तीन किलोमीटरला नाही.

माडाखालचा

समजलं. काल आमच्या पाडेल्याला रांगेतल्या सर्वांत उंच माडावर चढवलं, कमरेला मोजपट्टी बांधून. तो जिथे बसून नारळ पाडतो तिथपर्यंत १४ मीटर भरले. वर उभी चुडतं अजून अडीच मीटर तरी, असं तो म्हणतो. म्हणजे टोक साडेसोळावर. शेताच्या पातळीपासून वर्कशॉपची डिश १५ मीटर, घरची २१ (घर चढावर आहे). माडांजवळ रेष १७ वर येते, म्हणजे वर फक्त अर्धा मीटर. तीन मीटर कमी पडतात. घरच्या गच्चीवर पाइप वाढवणं सोपं आहे. तीन मीटरचा पाइप आणू का?

नाहीतर बांधाच्या मालकाला विचारून ते दोनतीन माड...

सुलक्षाताई

माड तोडायचं मनातही आणू नका. २०१६ मध्ये माडाला कायद्याच्या झाडांच्या यादीतून काढलं होतं, त्यावर केवढा गदारोळ झाला. २०१७ मध्ये तो परत झाड झाला, वर राज्यवृक्षही. परवानगीच्या कागदांत तुमचा पावसाळा संपेल. आणि कॅमेऱ्यासाठी दुसऱ्याचे माड? बरं दिसत नाही ते.

तारवाला

ताईंशी सहमत. तोडलेत तरी शेजारचे दरवर्षी फूटभर वाढणारच.

पाइप आणण्याआधी एक बघा. माड वर्कशॉपच्या जवळ आहेत. घरची डिश एक मीटर चढवली तर माडांजवळ रेष ३३ सेंटिमीटरच वर येते. वर्कशॉपची चढवली तर ६७. म्हणजे तीन मीटर मिळवायला घरी ९ मीटर चढवावे लागतील, वर्कशॉपवर साडेचार. सोप्या गच्चीवरचा तुमचा तीन मीटरचा पाइप माडांजवळ एक मीटर देईल.

पत्र्याच्या छपरावर साडेचार मीटरचा जादा पाइप म्हणजे तीन बाजूंनी ताणाच्या तारा आणि वीजरोधकाचं अर्थिंग. पावसाळ्यात ते काम मी कुणाला सांगत नाही. त्याआधी विचारतो: माडांची रांग कुठे संपते का? तवसं गोल असतं, वर जाण्याऐवजी बाजूला सरकलं तरी चालतं.

माडाखालचा

मानशीजवळ संपते, बांधातल्या पाण्याच्या दारापाशी! मानशीच्या दोन्ही बाजूंना मिळून २० मीटर तरी मोकळं आहे. आताची रेष मानशीच्या अलीकडच्या शेवटच्या माडावरून जाते. वर्कशॉपचं छप्पर रुंद आहे, डिश पूर्वेच्या कोपऱ्यात लावलीय. पश्चिमेच्या कोपऱ्यात नेली तर १२ मीटर सरकेल, मानशीच्या दिशेने.

तारवाला

१२ चे दोन तृतीयांश, माडांजवळ ८ मीटर. शेवटच्या माडाच्या बुंध्यापासून ८ मीटर, त्यातून चुडतांची पसरण तीनेक मीटर वजा केली तरी पाच उरतात. साडेतीन हवे होते. पलीकडची रांगही १२ मीटरवर राहते. पाइप नको, खर्च फक्त केबलचा. दोन माडांच्या मधल्या फटीतून मात्र नेऊ नका. तिथे जेमतेम सात-आठ मीटर असतात आणि चुडतं एकमेकांत शिरलेली.

शापोराकाठचा

आमचा अनुभव सांगतो, जरा वेगळा. नदीच्या दोन काठांवर लिंक होती, मध्ये एक झाड नाही. तरी दिवसातून दोनदा सिग्नल पडायचा, आणि पडायची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकायची. महिनाभर रेडिओला शिव्या घातल्या. शेवटी आमच्या होडीवाल्याने विचारलं, "भरतीची वेळ बघितली का?" पाण्यावरून उसळून येणारी लाट सरळ येणाऱ्या लाटेला खोडत होती. आम्ही तर आधी डिश उंच केली होती, तेव्हा आणखी बिघडलं. शेवटी दीड मीटर खाली आणली तेव्हा निभावलं. म्हणून उंचच हवं असं काही नाही.

माडाखालचा (जुलै, तिसरा आठवडा)

अपडेट. डिश पश्चिमेच्या कोपऱ्यात नेली, परत जुळवली. पहिल्या दिवशी उणे ५९. वाऱ्यात एका डीबीचाही फरक नाही, पावसात ६०-६१. तारवाला, देव बरें करूं.

पण परवापासून नवीन भानगड. खाजनात गुडघाभर पाणी भरलंय, कोरगुटाची रोपं अजून वीतभर. रात्री वारा पडला की सिग्नल हळूहळू ६६ पर्यंत उतरतो, सकाळी वारा आला की ६० ला येतो. आधीच्या बरोबर उलट. शापोराकाठचा म्हणतात तसं असेल का?

तारवाला

वास तोच येतोय. वाऱ्याने पाणी खडबडीत झालं की उसळणारी लाट विखुरते, वारा पडला की आरसा. तुमच्या उंचींना परावर्तनाची जागा वर्कशॉपपासून सव्वा किलोमीटरवर येते, म्हणजे बांधाच्या पलीकडे भरलेल्या शेतात. आधी तिकडे जाणारी वाट माडांच्या बुंध्यांनी आणि बांधाने अडवली होती, मानशीजवळ ती मोकळी झाली. वर्कशॉपची डिश त्याच पाइपवर दीड-दोन मीटर खाली घेऊन एक रात्र आकडा लिहून ठेवा. बाजूच्या मोकळ्या जागेत माडांची अडचण नाही, पण मानशीचा कठडा किती उंच ते आधी मोजा.

शापोराकाठचा

मी असतो तर हात लावला नसता. भात कमरेएवढं झालं की पाणी झाकलं जाईल. ६६ वर कॅमेरे चालतात ना?

माडाखालचा

चालतात. कठडा उद्या मोजतो, मग ठरवतो.