लायबिलिटीचा क्लॉज छोटा केला, अर्थ तोच राहिला का?

कामापुरती: सॉफ्टवेअर मेंटेनन्सच्या करारात हा क्लॉज आहे: "पुरवठादार कोणत्याही परिस्थितीत, करारभंगामुळे असो, निष्काळजीपणामुळे असो वा अन्य कारणाने असो, ग्राहकाच्या कोणत्याही अप्रत्यक्ष वा परिणामस्वरूप हानीस, तसेच नफ्याच्या हानीस, मग ती प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, जबाबदार राहणार नाही आणि सर्व दावे मिळून त्याची एकूण जबाबदारी मागील 12 महिन्यांत मिळालेल्या शुल्कापेक्षा अधिक असणार नाही, परंतु फसवणुकीस यातील काहीही लागू होणार नाही."

मी असा केला: "पुरवठादार नफ्याच्या हानीसह कोणत्याही अप्रत्यक्ष हानीस जबाबदार नाही. कोणत्याही दाव्यात त्याची जबाबदारी मागील 12 महिन्यांत मिळालेल्या शुल्कापुरती राहील. फसवणुकीला ही मर्यादा लागू नाही." आम्ही पुरवठादार आहोत. चालेल का?

साधंसोपं: मस्त झालंय, पाठवून द्या. "कोणत्याही परिस्थितीत", "असो वा असो" हा सगळा जुना पसारा आहे, आणि कोर्ट शेवटी दोन्ही पार्ट्यांचा हेतूच बघतं.

रेडलाइन: पसाऱ्याबद्दल बरोबर आहे, "कोणत्याही परिस्थितीत" काढल्याने काही बिघडत नाही. पण हेतू कोर्ट आधी कागदावरच्या शब्दांतूनच शोधतं आणि इथे शब्द तीन ठिकाणी सरकलेत. वाचून हे चटकन कळत नाही, म्हणून एकच प्रसंग दोन्ही क्लॉजमधून चालवून बघा. समजा वर्षाचं शुल्क 12 लाख, तुमच्या चुकीने ऑर्डर घ्यायचं पोर्टल तीन दिवस बंद पडलं आणि ग्राहकाचा 8 लाखांचा नफा थेट बुडाला. जुन्यात प्रत्यक्ष नफाही वगळलेला आहे, म्हणजे तुम्ही शून्य देता. नव्यात "नफ्याच्या हानीसह अप्रत्यक्ष" म्हटल्यामुळे नफा हा अप्रत्यक्षचाच एक प्रकार झाला, त्यामुळे ग्राहक म्हणणार की माझा नफा प्रत्यक्ष बुडाला, तो यात येतच नाही, द्या 8 लाख.

आता नफा सोडा, डेटा परत उभा करायचा खर्च धरा, दोनदा झाला आणि दोन्ही वेळा 8 लाख. जुन्यात सगळे दावे मिळून 12 लाखांवर थांबता. नव्यात "कोणत्याही दाव्यात" आहे, म्हणजे प्रत्येक दाव्याला वेगळे 12, म्हणून 16 लाख द्यावे लागतील. तिसरं फसवणुकीचं. आधी तो अपवाद अख्ख्या क्लॉजवर होता, आता "ही मर्यादा" म्हटल्याने फक्त रकमेच्या कॅपवर राहिला, हा बदल तुमच्या फायद्याचा आहे, पण समोरचा वकील नेमका तिथेच बोट ठेवेल आणि मग बाकीच्या सगळ्या बदलांकडेही संशयाने बघेल.

जुनंतेसोनं: म्हणूनच म्हणतो हात लावू नका! जुने शब्द कोर्टात घासून तावून निघालेले असतात, सोपं करण्याच्या नादात ती सगळी सुरक्षा जाते.

रेडलाइन: घासलेले आहेत पण तुम्हाला वाटतं तसे नाहीत. 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लिश खटल्यापासून नुकसानीच्या दोन टोपल्या मानतात, एकात सहज ओघाने होणारं नुकसान, दुसऱ्यात खास परिस्थितीमुळे होणारं, जी करार करताना दोघांना माहीत होती. इंग्लिश कोर्टांनी "परिणामस्वरूप हानी" बहुतेक वेळा दुसऱ्या टोपलीत टाकलीय, म्हणजे ओघाने बुडालेला नफा पहिल्या टोपलीत राहतो आणि तो वगळायचा तर तसं वेगळं लिहावंच लागतं. हे जुना मसुदा लांब असल्यामुळे नाही, त्यातल्या एका तुकड्यामुळे साधलं होतं, नेमका तोच कापला गेला.

एकटाफ्रीलान्सर: माझ्या करारात लायबिलिटीवर एक ओळही नाही, म्हणजे मी सेफच ना?

रेडलाइन: उलट. मर्यादाच नाही, मग सामान्य कायद्याने जेवढी भरपाई बसेल तेवढी सगळी तुमच्यावर.

कामापुरती: मग हे बघा: "पुरवठादार नफ्याच्या (प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष) हानीस आणि इतर कोणत्याही अप्रत्यक्ष वा परिणामस्वरूप हानीस जबाबदार नाही. सर्व दावे मिळून त्याची एकूण जबाबदारी मागील 12 महिन्यांत मिळालेल्या शुल्कापेक्षा जास्त नसेल. हे दोन्ही नियम कारण काहीही असले तरी लागू, फसवणूक सोडून."

साधंसोपं: आता तर झालंच. आणि तरी जुन्यापेक्षा छोटा!

रेडलाइन: तिन्ही प्रसंग आता जुन्यासारखेच सुटतात. फक्त "निष्काळजीपणा" परत घाला. 1952 च्या कॅनडा स्टीमशिप खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील कोर्टाने म्हटलं होतं की स्वतःच्या निष्काळजीपणापासून सूट हवी तर तसं स्पष्ट लिहिलेलं उत्तम, नाहीतर मोघम शब्द तेवढे व्यापक आहेत का ते तपासलं जातं.

साधंसोपं: पण ती काही पक्की चौकट नाही, नंतरच्या कोर्टांनी तिला मार्गदर्शक म्हणूनच धरलंय. "कारण काहीही असले तरी" पुरेसं आहे.

रेडलाइन: दोन बिझनेस पार्ट्यांमध्ये कदाचित पुरेल. मी तरी एका शब्दासाठी ही रिस्क घेणार नाही.

जुनंतेसोनं: मी तर जुनाच ठेवणार.