'होमोसेक्शुअल' मागे का पडला?

शब्दवेडा: जुन्या इंग्रजी लेखांत 'होमोसेक्शुअल' सरसकट सापडतो. आता बरीच वृत्तपत्रं तो टाळून 'गे' लिहितात. शब्दात तर काही वावगं दिसत नाही. मग काय बिघडलं?

मंजिरी: डॉक्टरांनी रोगाचं नाव म्हणून तो बनवला, म्हणून.

जुना वाचक: बनवला नाही, उचलला. शब्द कर्टबेनी या लेखकाचा, १८६८-६९ च्या सुमाराचा. पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियाच्या कायद्याविरुद्ध तो लिहीत होता आणि त्याला शिवी नसलेला शब्द हवा होता. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी तो घेतला आणि त्याचं निदान झालं.

खरी गंमत त्याच्याच 'हेटरोसेक्शुअल'ची. १९२३ च्या वेब्स्टर कोशात त्या प्रवृत्तीचा अर्थ दिलाय 'भिन्नलिंगी व्यक्तीबद्दलची रोगट वासना'! मूल होण्याचा हेतू नसलेली ओढ म्हणजे बिघाडच, असं आधीचे काही डॉक्टर मानत, त्याची ही सावली. १९३४ च्या आवृत्तीत तीच प्रवृत्ती 'नॉर्मल' झाली. जोडशब्दाला मात्र थांबावं लागलं: अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढायचं ठरवलं ते १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. तोवर 'होमोसेक्शुअल'ला दवाखान्याचा वास लागला होता.

मंजिरी: म्हणजे मी निम्मी बरोबर! शब्द वापरून मळतो, नवा आणला की तोही मळतो. एवढंच ना?

जुना वाचक: मग 'क्वीअर'चं काय कराल? ती उघड शिवी होती. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांनी तीच स्वतःला लावून घेतली. मळलेला शब्द उजळला. ज्यांनी ती शिवी खाल्ली, त्यांतल्या काहींना तो आजही नको वाटतो, हेही खरं.

उमा: जरा विषयांतर. माझी शस्त्रक्रिया झाली तेव्हा सगळे 'ट्रान्ससेक्शुअल' म्हणत, मीही तेच म्हणते. हल्ली तरुण मंडळी मला दुरुस्त करतात. 'ट्रान्सजेंडर' म्हणायचं म्हणे. माझं काय चुकतं?

जुना वाचक: उमाताई, स्वतःसाठी तुमचा शब्द तुमचाच. दुसऱ्याला तो परस्पर लावू नये, इतकंच. त्यात उपचारांचा, शस्त्रक्रियेचा अर्थ घट्ट बसलाय. 'ट्रान्सजेंडर' त्यापेक्षा ऐसपैस आहे, शस्त्रक्रिया न केलेलेही त्यात येतात.

शब्दवेडा: आपल्याकडे तर 'लिंग' हा एकच शब्द. अवयव तोच, व्याकरणातलाही तोच. 'जेंडर'साठी 'लिंगभाव' आला, पण बोलताना कुणी वापरत नाही.

मंजिरी: ट्रान्सजेंडरला 'तृतीयपंथी' आहे की.

उमा: मी बाई आहे. तिसरं कशाला मोजता मला?

जुना वाचक: 'पारलिंगी' वाचनात येतो. रुळेल का, सांगता येत नाही.